प्लास्टरच्या आतली खाज

प्लास्टर घातल्यावर चार-पाच दिवसांनी बहुतेकांची एकच तक्रार असते. "डॉक्टर, दुखत नाही, पण आत नुसती खाज सुटते." कारण साधं आहे. एरवी त्वचेचा मेलेला थर आंघोळीत धुऊन जातो. आता तो घामासकट आतच साठतो आणि कापसाला वारा लागत नाही. या खाजेने त्रास होतो, पण धोका नसतो. धोका येतो तो खाजवायला आत घातलेल्या वस्तूमुळे.

आठ वर्षांच्या एका मुलाचं मनगट मोडलं होतं. तिसऱ्या आठवड्यात तो फुटपट्टी आत घालून खाजवायचा. प्लास्टरखालची कातडी ओलसर आणि नाजूक झालेली असते, त्यामुळे साधा ओरखडाही खोल जातो. शिवाय फुटपट्टीने आतला कापूस पुढे ढकलून त्याचा गोळा झाला होता, आणि तो गोळा हाडावर दाबत होता. दोन दिवस एकाच जागी जळजळलं, मग ते थांबलं. घरच्यांना वाटलं, बरं झालं. पुढच्या आठवड्यात प्लास्टरवर पिवळट डाग उमटला आणि वास येऊ लागला. प्लास्टर कापलं तेव्हा आत रुपयाएवढी जखम होती. एका ठिकाणची जळजळ आपोआप थांबली म्हणून निश्चिंत होऊ नका, तिथली कातडी मेली म्हणूनही ती थांबते.

म्हणून विणकामाची सुई, पेन, हँगरची तार, चमच्याचा दांडा, यातलं काहीच आत जाता कामा नये. पावडर आणि तेलही नको. घामाने पावडरीच्या गुठळ्या होतात, तेलाने कातडी आणखी मऊ पडते. पेनाचं टोपण किंवा नाणं आत पडलं, तर ते काढायची खटपट न करता थेट दवाखान्यात या. मोठी माणसं रागावतील या भीतीने लहान मुलं हे लपवतात, तेव्हा त्यांना प्रेमाने विचारा.

मग करायचं काय? हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर ठेवून कडेकडून वारा घाला. गरम हवा अजिबात नको, त्याने भाजतं. प्लास्टरवर बोटांनी टकटक करा. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, वर टॉवेल गुंडाळून, प्लास्टरच्या बाहेरून थोडा वेळ ठेवा, पण प्लास्टर ओलं होऊ देऊ नका. तरीही झोप उडत असेल तर खाजेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

वास, डाग, ताप किंवा एकाच जागची जळजळ दिसली तर त्याच दिवशी दाखवा. पण काही लक्षणांत तेवढाही वेळ नसतो. हात उंच ठेवून, गोळी घेऊनही दुखणं वाढत चाललंय, बोटं हलक्या हाताने सरळ केली तरी मूल किंचाळतंय, बोटं बधिर, गार, निळसर किंवा पांढरी पडली आहेत, तर आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असू शकतो. हे बहुधा पहिल्या दोन दिवसांत होतं, आणि काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. प्लास्टर घरी कापू नका. रुग्णालयात ते लगेच उभं चिरून सैल करतात.