बोस्ट मारण्याआधी टीवर कोण आहे ते बघा

श्रोतेहो, नमस्कार. आज मी स्क्वॉशमधल्या एका फटक्याबद्दल आणि कोर्टावरच्या एका जागेबद्दल बोलणार आहे. फटका म्हणजे बोस्ट, बाजूच्या भिंतीवरून पुढच्या भिंतीवर जाणारा, आणि जागा म्हणजे टी, कोर्टाच्या मधली. क्लबच्या कोर्टावर बोस्ट सगळेच मारतात, पण त्यातले बरेचसे बोस्ट मारणाऱ्याच्याच अंगाशी येतात. हात कच्चा असतो म्हणून असं होतं, असं नाही. बोस्ट मारताना टीचा हिशेब डोक्यात नसतो.

जवळ कागद-पेन्सिल असेल तर एक आयत काढा. कोर्टाची लांबी पावणेदहा मीटर, म्हणजे बत्तीस फूट, आणि रुंदी सहा मीटर चाळीस सेंटिमीटर. आयताची वरची बाजू ही पुढची भिंत. तिच्यापासून साधारण साडेपाच मीटरवर जमिनीवर एक आडवी रेघ असते. त्या रेघेच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत एक उभी रेघ जाते. या दोन रेघा जिथे मिळतात, तो टी.

टीपासून पुढचा कोपरा सव्वासहा मीटरच्या थोडा पुढे आणि मागचा कोपरा सव्वापाच मीटरच्या आसपास. त्यातून हाताची, रॅकेटची आणि शेवटच्या लांब पावलाची पोच वजा केली, तर कुठलाही कोपरा साधारण तीन पावलांत हाताशी येतो. कोर्टावर दुसऱ्या कुठल्याही जागेवरून हे जमत नाही. डाव्या भिंतीजवळ उभे राहिलात, तर उजवीकडचे दोन्ही कोपरे मोकळे पडतात. प्रत्यक्षात चांगले खेळाडू बरोबर रेघांच्या छेदावर उभे न राहता तिथून पाऊलभर मागे थांबतात. पुढे पडणारा चेंडू पुढे झेपावून गाठता येतो, पण मागे गेलेल्या चेंडूसाठी वळून धावावं लागतं आणि त्यात वेळ जातो.

पण माझ्या मते टीचं खरं मोल अंतरात नसून वेळेत आहे. टीवरचा खेळाडू मधून जाणारा चेंडू टप्पा पडायच्या आतच व्हॉलीने घेऊ शकतो. समोरच्याने तिरका ड्राइव्ह मारला, तो जरा कमी रुंद गेला आणि खांद्याच्या उंचीवर मधून निघाला, की टीवरचा माणूस तिथेच तो तोडतो. तोच चेंडू मागच्या भिंतीपर्यंत जाऊ दिला असता, तर समोरच्याला श्वास घ्यायला आणि जागेवर परतायला सवड मिळाली असती. व्हॉलीने ती सवड हिरावली जाते. पाकिस्तानच्या जहांगीर खानने 1982 ते 1991 अशी सलग दहा वर्षं ब्रिटिश ओपन जिंकली. त्याचे चेंडू खोल जायचे, समोरचा मागच्या कोपऱ्यांत अडकायचा आणि मधली जागा जहांगीरच्या ताब्यात राहायची.

आता बोस्टकडे वळू. बोस्टमध्ये चेंडू आधी बाजूच्या भिंतीला लागतो आणि मग पुढच्या भिंतीला. कॅरममध्ये सोंगटी समोरून मिळत नसली की आपण बाजूच्या फळीचा आधार घेतो, तसाच हा आधार. सगळ्यात जास्त मारला जातो तो मागच्या कोपऱ्यातला बोस्ट. उजव्या मागच्या कोपऱ्यातून मारलात, तर चेंडू उजवी भिंत, पुढची भिंत असा फिरून डाव्या पुढच्या कोपऱ्यात उतरतो.

कागदावर एक उदाहरण करून पाहू. चेंडू उजव्या भिंतीपासून एक मीटर आणि मागच्या भिंतीपासून दीड मीटर अंतरावर आहे. नेम कुठे धरायचा? एक सोपी युक्ती आहे. उजवीकडच्या भिंतीपलीकडे असंच आणखी एक कोर्ट आहे असं समजा आणि त्या शेजारच्या कोर्टाच्या पुढच्या, लांबच्या कोपऱ्याच्या जरासं अलीकडे चेंडू मारायचाय असं मनात धरा. तुमच्यापासून तिथपर्यंत सरळ रेघ काढलीत, तर ती उजव्या भिंतीला तुमच्यापुढे सव्वा मीटरवर छेदते. चेंडू तिथे आपटला की उलटून पुढच्या भिंतीवर डाव्या कोपऱ्यापासून ऐंशी सेंटिमीटरवर लागतो आणि डाव्या भिंतीकडे झुकतो.

हा झाला आरशाचा हिशेब. स्क्वॉशचा चेंडू मात्र आरशासारखा परतत नाही. तो मऊ रबराचा असतो. खेळून तापलेला चेंडूही ठरावीक उंचीवरून सोडला, तर जेमतेम पाव ते एक तृतीयांश उंचीपर्यंत उसळतो. त्यामुळे बाजूच्या भिंतीवर आपटताना भिंतीपासून दूर नेणारा वेग बराच मरतो, पण भिंतीलगत पुढे जाणारा वेग तेवढा मरत नाही. परिणाम असा की चेंडू हिशेबापेक्षा जास्त सरळ निघतो आणि पुढच्या भिंतीवर मध्याच्या जवळ लागतो. म्हणून सव्वा मीटरच्या थोडं अलीकडे, आपल्या जवळ, नेम धरावा लागतो. नेमका किती अलीकडे, ते चेंडू किती तापलाय आणि तुम्ही किती जोरात मारताय यावर ठरतं. गार कोर्टावर पहिल्या काही मिनिटांत तुमचे बोस्ट वेगळे पडतात, ते याचमुळे.

नेम चुकला की काय होतं, तेही कागदावर दिसेल. समजा बाजूच्या भिंतीवर तीन मीटर पुढे मारलंत. मग आरशाच्या हिशेबानेही चेंडू पुढच्या भिंतीच्या मध्याच्या उजवीकडेच लागतो, आणि प्रत्यक्षात त्याहूनही उजवीकडे. म्हणजे तो टीवरच्या माणसासमोर आयता उतरणार. उलट अगदी जवळ, अर्ध्या मीटरवर मारलंत, तर चेंडू पुढच्या भिंतीआधीच डाव्या भिंतीला जाऊन आपटतो. तिथून तो पुढच्या भिंतीपर्यंत पोचलाच तर पोचतो, नाहीतर टिनवर, म्हणजे पुढच्या भिंतीच्या तळाच्या पट्टीवर, नाहीतर जमिनीवर संपतो. आपला बोस्ट कुठे चुकतोय हे कळायला चेंडू पुढच्या भिंतीवर नेमका कुठे लागतो तेवढं बघा. बहुतेकांचा तो मध्यावर लागत असतो.

नेम साधला तरी प्रश्न संपत नाही, आणि मला आज खरं बोलायचंय ते याच्याबद्दल. तुम्ही त्या उजव्या मागच्या कोपऱ्यात आहात आणि प्रतिस्पर्धी टीवर. तुम्ही बोस्ट मारलात. चेंडू दोन भिंतींना लागून पुढे उतरतो, म्हणजे तो हळू येतो. प्रतिस्पर्ध्याला दोनतीन पावलं टाकून तो चेंडू गाठायचा आहे. तुम्हाला टीवर यायला साडेतीन मीटर चालायचं आहे, तेही कोपऱ्यात वाकून फटका मारल्यावर सरळ होऊन. बोस्ट जरा उंच गेला, टिनच्या वर दोन हात लागला, की प्रतिस्पर्धी चेंडूवर आरामात पोचतो आणि रॅकेट वर धरून थांबतो. तुम्ही पुढे धावताय हे त्याला दिसतं. मग तो डाव्या कोपऱ्यातच हलका ड्रॉप टाकतो, किंवा तुम्ही जिथून निघालात त्याच उजव्या मागच्या कोपऱ्यात तिरका ड्राइव्ह मारतो. दोन्हींपैकी काय येणार हे कळेपर्यंत तुमचं वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं. ही रॅली तुम्ही फटका खराब मारल्यामुळे हरत नाही. प्रतिस्पर्धी टीवर सज्ज असताना पुढचा कोपरा त्याच्या हाती दिलात, म्हणून हरता.

म्हणून मागच्या कोपऱ्यात सापडलात, तर आधी सरळ ड्राइव्ह निघतो का ते बघा. भिंतीलगत खोल जाणारा ड्राइव्ह प्रतिस्पर्ध्याला टीवरून हलवतो आणि तुम्हाला मधे यायला वेळ देतो. तोही नसेल जमत, तर उंच लॉब टाका. चेंडू तुम्हाला ओलांडून गेला असेल, मागच्या भिंतीला चिकटला असेल आणि रॅकेट मागून पुढे फिरवायला जागाच नसेल, तेव्हा मात्र बोस्टच उरतो. तो जरूर मारा, पण शक्य तेवढा खाली आणि डाव्या भिंतीच्या जवळ. टिनची वरची कड क्लबमध्ये जमिनीपासून अठ्ठेचाळीस सेंटिमीटरवर असते. चेंडू तिच्या वर वीतभर लागला, तर प्रतिस्पर्ध्याला खाली वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस रॅकेट धरून थांबू शकत नाही.

हाच फटका दुसऱ्या वेळी मारला, तर त्याचा रंगच पालटतो. समजा प्रतिस्पर्धी उजव्या मागच्या कोपऱ्यात आहे आणि त्याचा परतावा कोर्टाच्या उजव्या बाजूने येऊन टीच्या जवळ, तुमच्या हातात आलाय. तुम्ही व्हॉलीनेच उजव्या भिंतीवर बोस्ट मारता. आता त्याला कोर्टाच्या कर्णाच्या दिशेने तिरकं धावायचं आहे, जवळजवळ साडेआठ मीटर, आणि तुम्ही टीपासून एक पाऊल दूर. चेंडूला तो पोचला तरी लांब पसरूनच पोचणार, आणि त्याच्या पुढच्या फटक्याची वाट तुम्ही मधे उभं राहून बघताय. म्हणून माझा आग्रह असा: बोस्ट मारण्याआधी प्रतिस्पर्धी कुठे आहे हे मान वळवून बघा. तो तुमच्या मागे असेल किंवा मागे सरकत असेल, तर मारा. टीवर पाय रोवून असेल, तर दुसरा फटका शोधा.

आणि टीवर तुम्ही असाल, तर समोरचा बोस्ट मारणार हे ओळखायचं कसं? पुढच्या भिंतीकडे बघत उभे राहू नका. खांद्यावरून मागे बघा. त्याचा खांदा बाजूच्या भिंतीकडे वळला, चेंडू त्याच्या अंगाच्या मागे गेला आणि रॅकेट तरी खाली आली नाही, तर बोस्ट येणार असं धरून चाला. कानाचाही उपयोग होतो. बाजूच्या भिंतीचा आवाज आधी, मग पुढच्या भिंतीचा, असे दोन लागोपाठ ऐकू येतात. पहिला आवाज कानावर पडताच पाय उचलायचा. दुसऱ्याची वाट पाहिलीत, तर उशीर झाला.

2023 च्या हांगझू आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने अंतिम फेरीत पाकिस्तानला 2-1 हरवून सुवर्ण जिंकलं. मुंबईचा महेश माणगावकर त्या संघात होता. निर्णायक सामना अभय सिंगने पाचव्या गेममध्ये 12-10 असा काढला. असा एखादा सामना पुन्हा पाहायला मिळाला, तर दोनतीन रॅली चेंडूकडे न बघता बघा. एकाने फटका मारला त्या क्षणी दुसऱ्याचे पाय कुठे आहेत, एवढंच टिपा.

सरावासाठी एक जुना आणि उत्तम प्रकार आहे. दोघे जण खेळतात. मागचा बोस्ट मारतो, पुढचा तो चेंडू सरळ ड्राइव्हने मागे पाठवतो. मागचा दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा बोस्ट मारतो आणि पुढचाही बाजू बदलतो. यात बहुतेक जोड्या एक गोष्ट सोडून देतात. मागचा खेळाडू एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात मागच्या भिंतीलगत सरळ पळतो. तसं करू देऊ नका. दर फटक्यानंतर दोघांनीही टीवर पाय टेकवायचा आणि मगच पुढच्या चेंडूकडे जायचं. पाच मिनिटांनी भूमिका बदला. बोस्ट उंच आणि मध्यावर जात असतील, तर मागच्याला टीवर पोचायलाच वेळ मिळत नाही आणि सराव लगेच मोडतो. त्या वेळी वेग कमी करा, बाजूच्या भिंतीवरचा नेम थोडा अलीकडे घ्या आणि पुन्हा सुरू करा.