शनिवार-रविवारच्या जादा वर्गांची नोटीस

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीची बोर्डाची परीक्षा जवळ आली की क्लासच्या दारावर आणि पालकांच्या मोबाइलवर एक नोटीस झळकते. ‘शनिवार-रविवार जादा वर्ग. सर्वांची उपस्थिती सक्तीची.’ मी बारावी विज्ञानाला भौतिकशास्त्र शिकवतो, आणि ही नोटीस तयार करण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. त्यातल्या दोनच गोष्टींबद्दल आज बोलायचं आहे: बॅचची वेळ आणि उपस्थितीची अट. या दोन गोष्टी नीट ठरल्या नाहीत तर मुलांचे सुट्टीचे दिवस जातात आणि हाती फारसं काही लागत नाही.

आधी वेळ. महाराष्ट्र राज्य मंडळाचा सकाळच्या सत्रातला तीन तासांचा पेपर अकराला सुरू होतो. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटं आधी मिळायची. २०२३च्या परीक्षेपासून ती पद्धत बंद झाली आणि तीच दहा मिनिटं शेवटी जोडून मिळू लागली. म्हणजे पेपर अकरा ते दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत. मग रविवारचा सराव पेपरही याच वेळेत असायला हवा. पुष्कळ ठिकाणी तो सकाळी सातला, दीड-दोन तासांत, अर्ध्या गुणांचा उरकतात, कारण पुढे दुसऱ्या बॅचला वर्ग रिकामा करून द्यायचा असतो. अर्ध्या पेपरातून मुलाला धडा किती येतो ते कळतं. तीन तास पुरवायचे कसे, ते कळत नाही. आणि माझ्या पाहण्यात हुशार मुलांचेही गुण जातात ते इथेच.

भौतिकशास्त्राचाच पेपर घेऊ. लेखी ७० गुणांची. विभाग ‘अ’मध्ये बहुपर्यायी आणि एका वाक्यातले प्रश्न, एकूण १८ गुण. ‘ब’मध्ये दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यांतले कोणतेही आठ. ‘क’मध्ये तीन गुणांचे बारा, त्यांतलेही आठच. ‘ड’मध्ये चार गुणांचे पाच, त्यांतले तीन. तीन तासांना ७० गुण म्हणजे एका गुणाला साधारण अडीच मिनिटं. या हिशेबाने ‘अ’ पावणेबाराला संपायला हवा, ‘ब’ बारा पंचवीसला, ‘क’ दीडच्या जरा आधी आणि ‘ड’ दोनच्या आत. शेवटची दहा मिनिटं या हिशेबात धरायचीच नाहीत. ती तपासणीसाठी, राहिलेल्या एककांसाठी आणि प्रश्न क्रमांक नीट पडले आहेत का ते पाहण्यासाठी.

सराव पेपरात आम्ही मुलांना एक सवय लावतो: विभाग संपला की समासात पेन्सिलीने घड्याळातली वेळ टिपायची. समजा एका मुलीच्या उत्तरपत्रिकेत ‘अ’पाशी १२.०५ आहे, ‘ब’पाशी १.०० आणि ‘क’पाशी १.५८. ‘ड’साठी उरली बारा मिनिटं, म्हणून एक डेरिव्हेशन पुरं आणि दुसरं अर्धवट. नुसते गुण पाहिले तर वाटेल, हिची डेरिव्हेशन्स कच्ची आहेत, आणखी चार तास शिकवा. वेळा सांगतात ते वेगळंच. ‘क’ विभाग तिने तासाभरात व्यवस्थित सोडवला. वीस मिनिटं ‘अ’मध्ये जास्त गेली, कारण एका गुणाच्या गणितासाठी ती लॉग टेबल उघडून बसली. पंधरा मिनिटं ‘ब’मध्ये गेली, कारण दहावा प्रश्न सोपा दिसला तेव्हा तिने आधी लिहिलेला खोडला. या मुलीला नवीन काही शिकवायची गरज नाही. एक गुणाचं गणित अडलं तर जागा सोडून पुढे जायचं, आणि बारा प्रश्न एकदा वाचून आठांवर खुणा करूनच लिहायला घ्यायचं, हे दोन रविवार करून घेतलं की पुरतं.

म्हणूनच पेपरनंतरची चर्चा त्याच दिवशी हवी. आपण ‘अ’मध्ये का रखडलो हे मुलांना दुपारी तीनला आठवत असतं, पुढच्या शनिवारपर्यंत ते विसरून जातात.

आता यावरून एक वेळापत्रक मांडू. शनिवारी दोन बॅच. ज्यांचं ज्युनिअर कॉलेज दुपारचं, त्यांना सकाळी आठ ते साडेदहा. ज्यांचं सकाळचं, त्यांना दुपारी तीन ते साडेपाच. दोन्ही बॅचना तेच शंकानिरसन, तोच भाग. रविवारी सगळ्यांना एकत्र, अकरा ते दोन दहा सराव पेपर, मग जेवणाची सुट्टी, आणि तीन ते साडेचार चर्चा. बसायचा वेळ होतो चार तास चाळीस मिनिटं. ही बेरीज मुद्दाम करतो, कारण केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दिवसाला पाच तासांहून जास्त वर्ग नकोत असं म्हटलं आहे. कॉलेजच्या वेळेत वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको, हेही त्यांतच आहे. सुट्टीचा मुद्दा जादा वर्गांच्या नोटिशीत हमखास निसटतो. शनिवार-रविवार दोन्ही घेतले तर मुलाला सुट्टी कधी? आम्ही सोमवारी क्लास पूर्ण बंद ठेवतो आणि मंगळवारी कोणतीही टेस्ट लावत नाही. तुमच्याकडे आलेल्या नोटिशीत सुट्टीचा वार लिहिलेला नसेल तर पालकांनी तो जरूर विचारावा. शुल्काचंही विचारावं. ज्या शुल्कावर प्रवेश घेतला ते मध्येच वाढवू नये, असं याच सूचना सांगतात.

राहिली उपस्थिती. ‘७५ टक्के उपस्थिती नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही’ असं वाक्य क्लासच्या नोटिशीत दिसलं की मुलं धास्तावतात. ७५ टक्क्यांची अट आहे ती मंडळाची, आणि ती कॉलेजातल्या हजेरीबद्दल आहे. हॉल तिकीटही कॉलेजमार्फतच मिळतं. क्लासच्या जादा वर्गाला कोणी गैरहजर राहिलं म्हणून त्याची बोर्डाची परीक्षा अडत नाही, आणि असा धाक कुठल्याही क्लासने घालू नये. मला त्याची मनापासून चीड येते.

शिवाय क्लासच्या हजेरीला ही टक्केवारी लावून साधत काहीच नाही. सहा आठवडे धरा, म्हणजे बारा दिवस. ७५ टक्के म्हणजे नऊ दिवस. एखादा मुलगा सगळे शनिवार आला आणि सहापैकी तीनच रविवार आला, तरी नऊ भरले. कागदावर हजेरी पूर्ण आणि निम्मे सराव पेपर बुडालेले. म्हणून आम्ही अट वेगळी लिहितो: सहापैकी किमान पाच रविवार, आणि चर्चेला बसलं तरच तो रविवार हजेरीत धरला जाईल. पेपर देऊन दोन दहाला घरी गेलेला मुलगा त्या दिवशी गैरहजर. शनिवारची सक्ती नाही, ज्याला शंका आहेत त्याने यावं. कॉलेजची पूर्वपरीक्षा किंवा प्रात्यक्षिक परीक्षा त्या दिवसांत आली तर ते दिवस हिशेबातून वगळायचे, त्यासाठी चिठ्ठी मागायची नाही.

आजारी असेल तर मुलाने यायचंच नाही. त्या रविवारची प्रश्नपत्रिका पाकिटात बंद करून ठेवलेली असते. बरं वाटल्यावर, कॉलेज नसेल अशा दिवशी अकराला येऊन ती सोडवावी, वेळा समासात टिपाव्यात, आणि तीनला शिक्षकांपाशी बसावं. पालकांनी फक्त रविवारी साडेदहाच्या आत फोन करून कळवावं, म्हणजे अकराला रिकाम्या बाकाची काळजी करत कोणी घरी फोन लावत बसणार नाही.

नमस्कार.