घरच्या माणसांची मजुरी धरली का? 20 गुंठे भाताचा खरा हिशोब

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न आलाय, "दादा, भातशेती परवडते की नाही, एका वाक्यात सांगा." एका वाक्यात नाही सांगता येत. पण 20 गुंठ्यांचा हिशोब मांडून दाखवतो. वही-पेन घ्या आणि आकडे तुमच्या गावचे घाला. मी घेतलेले दर आमच्या बाजूचे, नमुन्यासाठी आहेत.

पहिल्यांदा क्षेत्र. सातबाऱ्यावर दिसतं ते नको, त्यात पोटखराबा असतो, शिवाय सामाईक हिस्से. ज्या कुणग्यांत यंदा लावणी केली तेवढेच मोजा. समजा ते 20 गुंठे, म्हणजे अर्धा एकर.

आता खिशातून गेलेला खर्च. हे सगळ्यांना येतं, म्हणून पटपट जातो. बियाणं 500. पॉवर टिलर, नांगरणी आणि चिखलणी मिळून 2,500. रासायनिक खतं 1,600, औषधं 300. लावणीच्या 6 बायका आणि कापणीचे 3 गडी, मिळून मजुरी 3,600. मळणी यंत्राचं भाडं 1,000. गोठ्यातलं शेणखत विकत घेतलं नसलं तरी बाजारभावाने धरा, 1,500. मग अवजारांचा घसारा, शेतसारा, गुंतलेल्या पैशाचं व्याज, अंदाजे 500. बेरीज 11,500. याला कृषी विद्यापीठाच्या भाषेत "खर्च अ" म्हणतात.

आता उत्पन्न. भात वाळवून 7 क्विंटल आलं. वाळवून म्हणतोय, कारण खळ्यावरचं ओलं भात तोललं की वजन फुगतं. सरकारी खरेदीला ओलावा 17 टक्क्यांपर्यंतच चालतो, म्हणून तोलायचं ते वाळल्यावरच. 2025-26 चा साधारण भाताचा हमीभाव 2,369 रुपये क्विंटल. 7 क्विंटलचे 16,583. पेंढ्याचे 1,500 धरू. एकूण 18,083. घरी खायला ठेवलेलं भातही यातच आलं. "विकलंच नाही तर उत्पन्न कसलं" असं कुणी म्हणत असेल, तर तेवढे तांदूळ दुकानातून आणायला किती पडले असते ते बघा.

लाभ-खर्च गुणोत्तर म्हणजे एकूण उत्पन्न भागिले एकूण खर्च. नफा भागिले खर्च नाही! कमेंटमध्ये हा गोंधळ फार दिसतो. 18,083 भागिले 11,500, उत्तर 1.57. म्हणजे एक रुपया घातला आणि 1 रुपया 57 पैसे परत आले. त्यातला नफा 57 पैसे, दीडपट नफा नव्हे.

आणि इथेच बहुतेक जण वही मिटतात. 1.57 आलं, भातशेती परवडते, विषय संपला. मंडळी, विषय इथे सुरू होतो. घरच्या माणसांची मजुरी कुठे आहे?

आमच्या शेजारच्या काकांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "घरचीच माणसं रे, त्यांना काय मजुरी द्यायची?" त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा खालच्या वाडीत कुंपणाच्या कामाला जात होता, 500 रुपये रोज. लावणीसाठी त्याने ते काम सोडलं. ते 500 काकांच्या भाताला लागले की नाही? लागले, फक्त खिशातून बाहेर पडलेले दिसले नाहीत.

दुसऱ्या बाजूने बघा. समजा ऐन लावणीत घरातलं माणूस तापाने पडलं. तरवा थांबत नाही, मजूर आणावाच लागतो, आणि तेव्हा मजुरी रोख मोजावी लागते. म्हणजे काम तेच, कुणगा तोच, फक्त माणूस बदलला. मग एकाला 500 आणि दुसऱ्याला शून्य कसं? सावडीचंही तसंच आहे. शेजारचे चार जण आले म्हणून पैसे दिले नाहीत, पण त्यांच्या शेतावर चार दिवस तुम्हीच जाता.

अजून पटत नसेल तर सरकारकडे बघा. हमीभाव ठरवताना जो उत्पादन खर्च धरतात, त्याला "ए2 अधिक एफएल" म्हणतात. त्यातलं ए2 म्हणजे खिशातून गेलेला खर्च आणि एफएल म्हणजे घरच्यांची मजुरी. हमीभाव त्या खर्चाच्या किमान दीडपट ठेवतात. सरकार तुमच्या बायकोची मजुरी धरतंय आणि आपण तिला वहीत जागाही देत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

तर मोजायची कशी? दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोज संध्याकाळी. आठ तासांचा एक दिवस. बायका सकाळचा स्वयंपाक आटोपून दुपारी शेतात उतरतात आणि तिन्हीसांजेपर्यंत बेणतात, तो अर्धा दिवस लिहा. पण लिहा! हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेली हजेरी कमीच भरते.

या 20 गुंठ्यांत घरचे दिवस असे झाले: बांधबंदिस्ती 2, तरवा पेरणं 2, लावणी 6, खत टाकणं 1, बेणणी 6, कापणी 3, मळणी आणि वाळवण 4. एकूण 24, निम्मे पुरुषांचे, निम्मे बायकांचे. गावातला चालू दर लावा, पुरुषाला 500 आणि बाईला 350. 6,000 आणि 4,200, मिळून 10,200. त्याच कामाला बाईला कमी का, हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि बरोबरच विचाराल. पण हिशोबात गावात प्रत्यक्ष मिळतो तोच दर घ्यावा लागतो.

आता खर्च 21,700. भागाकार करा, 0.83. रुपया घातला, 83 पैसे आले. जमिनीचं भाडं धरायचं तर पद्धत अशी की एकूण उत्पन्नाचा सहावा हिस्सा घेतात. ते सुमारे 3,000, मग गुणोत्तर 0.73 पर्यंत खाली येतं. आपली जमीन म्हणून हे सोडलं तरी चालेल, पण तुलना करताना दोन्ही हिशोब एकाच पद्धतीने करा. एकाचा 1.57 आणि दुसऱ्याचा 0.83 घेऊन भांडू नका, शेत एकच असू शकतं.

हे ऐकून भात सोडा असं मी म्हणत नाही. 0.83 हे काय सांगतं ते बघा. 21,700 पैकी 13,800 नुसती मजुरी आहे, भाड्याची आणि घरची धरून. जवळजवळ 64 टक्के. म्हणून खताच्या गोणीवर 100 रुपये वाचवून काही हलत नाही. लावणीचे आणि बेणणीचे दिवस कमी झाले तर हलतं. किंवा उत्पन्न वाढलं तर. पेंढ्याचे 1,500 वजा केले की 20,200 उरतात, त्याला 2,369 ने भागा. साडेआठ क्विंटल. या शेताला एवढं भात आलं की गुणोत्तर 1 होतं. म्हणजे फक्त दीड क्विंटल कमी पडतंय.

"आंब्याचं करा ना" असं लिहिणाऱ्यांसाठी: ते असं एका वर्षात होत नाही. कलमं लावल्यावर पहिली काही वर्षं नुसता खर्चच असतो, तो पुढच्या वर्षांवर वाटावा लागतो. नारळ-काजूलाही तेच. त्याचा वेगळा व्हिडिओ करतो.

तोवर भातवाल्यांनी कमेंटमध्ये तीन आकडे टाका: गुंठे किती, वाळलेलं भात किती, आणि घरचे दिवस किती. तिसरा आकडा नसेल तर मी आधी तोच विचारणार.