एनपीव्ही एक म्हणतो, आयआरआर दुसरंच

समजा दोन प्रकल्प आहेत आणि त्यातला एकच घेता येणार आहे. दोन्हींत आज १००० गुंतवायचे. ‘अ’ पहिल्या वर्षी ९०० देतो, दुसऱ्या वर्षी ३५०. ‘ब’ पहिल्या वर्षी जेमतेम १०० देतो, पण दुसऱ्या वर्षी १२४६.

आयआरआर, म्हणजे प्रकल्प स्वतः देतो तो वार्षिक परताव्याचा दर, काढला तर ‘अ’चा येतो सुमारे १९.३ टक्के, ‘ब’चा १६.७. ‘अ’ पुढे. आता भांडवलाचा खर्च ८ टक्के धरून एनपीव्ही काढा, म्हणजे पुढच्या रकमांची त्या दरानं आजची किंमत काढून त्यातून गुंतवणूक वजा करा. ‘अ’चा १३३.४, ‘ब’चा १६०.८. इथे ‘ब’ पुढे. आकडेमोड दोन्हीकडे बरोबर आहे. मग ऐकायचं कुणाचं?

अशा वेळी मी दोन्ही प्रकल्प बाजूला ठेवतो आणि ‘ब’मधून ‘अ’ वजा करतो. आजची गुंतवणूक सारखीच, तिथे शून्य उरतं. पहिल्या वर्षी उणे ८००, दुसऱ्या वर्षी अधिक ८९६. म्हणजे ‘ब’ निवडणं याचा अर्थ एवढाच, की पहिल्या वर्षी हाती आले असते ते ८०० सोडायचे आणि वर्षभरानं ८९६ घ्यायचे. हा सौदा १२ टक्क्यांचा झाला. हाच क्रॉसओव्हर दर. या दराला दोघांचाही एनपीव्ही ८२.६ येतो, दरानुसार एनपीव्हीचा आलेख काढला, तर दोन्ही रेषा इथेच एकमेकींना छेदतात.

तुमचं भांडवल ८ टक्क्यांना पडत असेल, तर ८०० चे वर्षभरात ८६४ होतात. मिळतात ८९६. वरचे ३२ आजच्या किमतीत साधारण २७.४ भरतात, आणि दोन एनपीव्हींमधला फरक नेमका तेवढाच आहे. भांडवल १५ टक्क्यांना पडत असेल, तर ८०० चे ९२० व्हायला हवेत; ८९६ तोकडे पडतात आणि ‘अ’ सरस ठरतो. तिथे एनपीव्ही आणि आयआरआर यांचं भांडणही उरत नाही. मतभेद होतो तो फक्त १२ टक्क्यांच्या खाली.

‘आयआरआर असं गृहीत धरतो की मधली रक्कम त्याच दरानं पुन्हा गुंतवली जाईल,’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मला ते अर्धवट वाटतं. आयआरआर काढताना असं काहीच गृहीत धरावं लागत नाही. प्रश्न येतो तो त्यावरून क्रम लावताना. ‘अ’ला ‘ब’ची बरोबरी साधायची, तर ते जादा ८०० किती दरानं गुंतवावे लागतील? १९.३ नव्हे, १२ टक्क्यांनी. तसा दर बाहेर खरोखर मिळत असेल, तर तुमच्या भांडवलाचा खर्च ८ टक्के धरणंच चुकलंय.

एक सावधगिरी मात्र हवी. वजाबाकीतल्या रकमांचं चिन्ह एकदाच बदलत असेल, तरच छेदबिंदू एकच असल्याची खात्री देता येते. उणे, अधिक, पुन्हा उणे असा प्रवाह आला, तर दोन क्रॉसओव्हर दर निघू शकतात. तेव्हा एका दरावर विसंबू नका, संपूर्ण आलेख काढा.