कोरफडीची बरणी आणि दोन सिरम

नमस्कार मंडळी. मी क्रीम-लोशन बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करते, आज मात्र आमच्या लॅबमधल्या क्रीमबद्दल नाही, माझ्या भाचीच्या बरणीबद्दल बोलणारे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली ती पिशवीतून काचेची छोटी बरणी काढतच, "मावशी बघ, घरी केलंय, एकही केमिकल नाही!" मी झाकण उघडलं, वास घेतला, आणि तिला म्हटलं आधी बस, मग सांग यात काय काय घातलंयस.

तर कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर चार चमचे, गुलाबपाणी दोन चमचे, बदामाचं तेल दोन चमचे, "टिकावं म्हणून" व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून, हे सगळं मिक्सरमध्ये फिरवलं. वर विकतची दोन सिरम, एक व्हिटॅमिन सी आणि एक नायसिनामाइड, प्रत्येकी एक चमचा, कारण रोज दोन बाटल्या कोण उघडणार. बरणी बाथरूमच्या फळीवर, रोज बोटानं काढायचं. पहिल्या दिवशी छान पांढरं, सहाव्या दिवशी खाली पाणी सुटलं, नवव्या दिवशी पिवळट रंग आणि आंबूस वास, आणि हनुवटीवर पू भरलेल्या फोडांची रांग. ती म्हणत होती की स्किन प्युअर होतेय, घाण बाहेर पडतेय. अगं घाण बाहेर पडत नव्हती, आत जात होती!

आता लोणी आणि तूप डोळ्यासमोर आणा. लोण्यात पाणी असतं म्हणून ते बाहेर ठेवलं की वास मारतं, तेच कढवून पाणी उडवलं की तूप महिनोन्महिने टिकतं. जंतूंना वाढायला पाणी लागतं, नुसत्या तेला-तुपात त्यांचं काही चालत नाही. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग, वर थोडी साखर, थोडी खनिजं, म्हणजे जंतूंना पाण्यासोबत जेवणही. आणि पान कितीही धुतलं तरी मातीतले जंतू त्यावर असतातच, मिक्सरच्या भांड्यात असतात, बोटावर असतात. लोणच्यात ओला चमचा घातला की आजी ओरडायची ना, इथे तर रोज ओलं बोट, आणि लोणच्यासारखं मीठ-तेलाचं संरक्षणही नाही.

हिशोब करून बघा. एका मिलिलिटरमध्ये शंभर जंतू गेले, दर तासाला दुप्पट झाले असं धरू, उन्हाळ्यातल्या खोलीत काहींचा वेग याहून जास्त असतो, तर सतरा तासांत एक कोटीच्या वर. गंमत अशी की तोवर डोळ्यांना काहीच दिसत नाही! साधारण कोटीच्या आसपास गेल्यावर पाणी गढूळ दिसायला लागतं, आणि पांढऱ्या क्रीममध्ये तर तेही कळत नाही. आमच्याकडे तयार क्रीमसाठी एका ग्रॅममध्ये हजार जंतू ही मर्यादा धरतात, डोळ्याजवळ लावायचं किंवा तीन वर्षांखालच्या बाळांचं असेल तर शंभर, आणि स्युडोमोनास एरुजिनोसा किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे रोग करणारे जंतू तर एका ग्रॅममध्ये सापडताच कामा नयेत. हा स्युडोमोनास बाथरूमच्या ओलसरपणात आरामात राहतो. 1977 साली अमेरिकेत दूषित मस्काऱ्यामुळे याच जंतूनं डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला जखमा झाल्याची प्रकरणं डॉक्टरांनी छापली होती. त्यामुळे घरचं क्रीम डोळ्याखाली लावणाऱ्यांना मी नाहीच म्हणते.

मग व्हिटॅमिन ई? ते अँटिऑक्सिडंट आहे, तेल खवट होऊ नये म्हणून चांगलं, पण जंतूंना ते काही करत नाही. जंतूंना वाढू न देणारं प्रिझर्व्हेटिव्ह ही वेगळी चीज. आम्ही एखादं क्रीम ठरवतो तेव्हा त्यात मुद्दाम जंतू सोडतो आणि अठ्ठावीस दिवस मोजत बसतो की मरतायत का, नाही मेले तर फॉर्म्युला बाद. स्वयंपाकघरात ही टेस्ट होणार कशी?

पाणी सुटलं त्याचं कारण आणखी साधं. मिक्सरनं तेलाचे बारीक थेंब होतात, पण त्यांना वेगळं धरून ठेवणारं इमल्सिफायर नसेल तर थेंब परत एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वर येतात. इमल्सिफायर म्हणजे ज्याचं एक टोक पाण्याला आणि दुसरं तेलाला धरतं असा पदार्थ. आम्ही इमल्सिफाइंग वॅक्स घालतो, तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा साधारण सत्तर-पंचाहत्तर डिग्रीला गरम करून मगच एकत्र फिरवतो. नुसत्या मधमाशीच्या मेणावर ते भागत नाही, चार दिवस घट्ट दिसतं आणि मग खाली पाण्याचा थर सुटतो.

आता भाचीचा पुढचा प्रश्न, आणि तो हुशार होता हं. "मावशी, विकतच्या सिरममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतंच की, ते या क्रीमलाही टिकवेल ना?" म्हटलं चमचे मोज. चार, दोन, दोन, एक, एक, म्हणजे दहा. एका सिरममध्ये फिनॉक्सिएथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्का होतं असं धरलं तर दहा चमच्यांत ते 0.1 टक्का झालं, दुसऱ्यातही तेवढंच असलं तरी 0.2, आणि एवढ्यानं जंतू हटत नाहीत. दुसरं, काही प्रिझर्व्हेटिव्ह फक्त आंबट बाजूला काम करतात. आंबटपणाचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितकं आंबट. सोडियम बेन्झोएट घ्या, पीएच 4.2 ला त्याचा निम्मा भाग कामाच्या रूपात असतो, पीएच 6 ला गेलं की शंभरातला जेमतेम दीड भाग. म्हणजे बाटलीवर नाव तेच, पण मिसळल्यावर काम बंद.

आणि हाच पीएच त्या दोन सिरमचंही वाटोळं करतो. साधं व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड, पीएच 3.5 च्या खाली ठेवावं लागतं, वर गेलं की हवेत पटकन ऑक्सिडाइज होतं, पिवळं मग तपकिरी, पाण्यातून लोखंड-तांब्याचा अंश आला तर अजूनच लवकर. नायसिनामाइडला पीएच 6 च्या आसपास बरं वाटतं, फार आंबट ठिकाणी पडून राहिलं की हळूहळू त्यातून निकोटिनिक अॅसिड सुटू शकतं, ज्यानं चेहरा लालबुंद होऊन तापतो. दोघं एका बाटलीत घातली की पीएच मधेच कुठंतरी थांबतो, जिथे एकालाही धड बरं नसतं. बरं, दोन्ही दहा-दहा टक्क्यांची असतील तर निम्मं-निम्मं मिसळल्यावर पाच-पाच टक्केच राहतात, आणि भाचीच्या बरणीत तर एकच टक्का! पैसे दहा टक्क्यांचे मोजले की.

याचा अर्थ दोन्ही वापरूच नयेत असा नाही. चेहऱ्यावर एकावर एक लावली तर पातळ थर असतो आणि काम मिनिटांचं असतं, बाटलीत ती आठवडेच्या आठवडे एकत्र पडून असतात, फरक वेळेचा आहे. एक सकाळी एक रात्री लावा, प्रश्नच मिटला. पिंपल्सवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवा, बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइन ही पिंपल्सवरची दोन औषधं एका डबीत कालवू नका, पहिलं दुसऱ्याला मोडतं.

आणि फ्रिज? फ्रिजमध्ये वाढ मंदावते, थांबत नाही. ताजा गर लावायचाच असेल तर तेवढ्यापुरता काढा, लावा, उरलेला टाकून द्या.

भाचीची बरणी मी कचऱ्यात टाकली, फोडांसाठी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. घरी काहीतरी करायचंच हा हट्ट मात्र सुटला नाही, मग आम्ही दोघींनी मिळून एक भाग मेण आणि चार भाग खोबरेल मंद आचेवर वितळवून ओठांचं मलम केलं, पाण्याचा थेंब नाही, डबी पूर्ण कोरडी. डबीवर तिनं स्वतःच पट्टी चिकटवलीय, "ओलं बोट घालू नये".