दुसऱ्या जागेसाठी दोघे: हर्फिंडाल निर्देशांक आणि एक विलीनीकरण

[पडद्यावर: सुपरमार्केटमधल्या फळीवर बेबी फूडच्या बरण्या]

सन २०००. अमेरिकेत बरणीतल्या बेबी फूडच्या बाजारात तीनच मोठ्या कंपन्या होत्या. गर्बरकडे बाजाराचा ६५ टक्के हिस्सा होता, हाइन्झकडे १७.४ टक्के आणि बीच-नटकडे १५.४ टक्के. त्या वर्षी हाइन्झने बीच-नट विकत घ्यायचं ठरवलं. दोघांची बाजू अशी, की वेगवेगळे राहून गर्बरपुढे आपला निभाव लागत नाही, एकत्र आलो तर तिला खरी टक्कर देता येईल. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेला हे मान्य नव्हतं आणि प्रकरण न्यायालयात गेलं.

क्रमांक दोन आणि क्रमांक तीन एकत्र आल्यावर पहिल्या क्रमांकाशी स्पर्धा वाढते, की बाजार आणखी आवळला जातो? याचं उत्तर शोधताना सुरुवात आकड्यांपासून होते. आकडा कोणता निवडायचा, इथूनच मतभेद सुरू होऊ शकतात.

सर्वात सोपं माप म्हणजे केंद्रीकरण गुणोत्तर. सर्वात मोठ्या तीन किंवा चार कंपन्यांचे हिस्से घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. तीन कंपन्यांची बेरीज म्हणजे सीआर३, चारांची म्हणजे सीआर४. अमेरिकेच्या १९६८ च्या विलीनीकरण मार्गदर्शक सूचनांमध्ये सीआर४ वापरलं होतं. पहिल्या चार कंपन्यांकडे ७५ टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असेल, तर बाजार अतिकेंद्रित समजला जाई.

बेबी फूडसाठी सीआर३ काढून पाहू.

[पडद्यावर: ६५ + १७.४ + १५.४ = ९७.८]

आता हाइन्झ आणि बीच-नट एक झाल्या असं धरा. पहिल्या तिघांत आता गर्बर, नवी जोडकंपनी आणि उरलेल्या २.२ टक्क्यांतली एखादी छोटी कंपनी. सीआर३ फार तर १०० पर्यंत पोचेल. ९७.८ वरून जास्तीत जास्त १००. बाजारातल्या तीन मोठ्या कंपन्यांच्या दोन झाल्या आणि मापात सव्वादोन टक्केही फरक पडला नाही. बेरीज अशीच वागते: पहिल्या तिघांच्या आत काय घडलं, ते तिला दिसत नाही. तिघांचे हिस्से सारखे असोत की एकाकडेच जवळपास सगळं असो, उत्तर तेच येतं.

ही उणीव भरून काढायला हिस्स्यांची बेरीज करण्याऐवजी त्यांच्या वर्गांची बेरीज करतात. आल्बर्ट हिर्शमन यांनी १९४५ मध्ये परकीय व्यापाराचं केंद्रीकरण मोजताना वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ वापरलं होतं. ऑरिस हर्फिंडाल यांनी १९५० च्या प्रबंधात पोलाद उद्योगासाठी वर्गांची बेरीज वापरली. त्या दोघांच्या नावांवरून हर्फिंडाल-हिर्शमन निर्देशांक, आद्याक्षरांत एचएचआय. अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो १९८२ मध्ये आला.

कृती अशी. प्रत्येक कंपनीचा हिस्सा टक्क्यांत लिहायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे.

[पडद्यावर, एकेक ओळ:
गर्बर: ६५ × ६५ = ४२२५
हाइन्झ: १७.४ × १७.४ = ३०२.८
बीच-नट: १५.४ × १५.४ = २३७.२
बेरीज: सुमारे ४७६५]

एकाच कंपनीची मक्तेदारी असेल तर १०० चा वर्ग, म्हणजे १०,०००. हे वरचं टोक. १०,००० ला निर्देशांकाने भागलं की समजायला सोपा आकडा मिळतो: सारख्या आकाराच्या किती कंपन्या असत्या तर निर्देशांक इतकाच आला असता. ४७६५ ने भागल्यावर २.१ येतं. म्हणजे हा बाजार नावाला तीन मोठ्या कंपन्यांचा असला, तरी केंद्रीकरणाच्या दृष्टीने जेमतेम दोन कंपन्यांचा होता. वर्ग केल्यामुळे मोठ्या हिस्स्याचं वजन किती वाढतं पाहा. ४७६५ पैकी ४२२५ एकट्या गर्बरचे आहेत.

उरलेल्या २.२ टक्क्यांचं काय? हा प्रश्न प्रत्यक्ष कामात नेहमी येतो, कारण छोट्या कंपन्यांचे आकडे सहसा हाती नसतात. ते सगळे २.२ टक्के एकाच कंपनीचे धरले तरी वर्ग ४.८४. असंख्य बारीक कंपन्यांचे धरले तर जवळपास शून्य. म्हणजे चूक फार तर ५ अंकांची. उरलेल्या छोट्या कंपन्यांची ही शेपूट मोठी असेल तेव्हा एक मर्यादा वापरता येते. माहीत असलेल्या सर्वात छोट्या कंपनीपेक्षा उरलेली एकही कंपनी मोठी नसेल, तर शेपटीचं योगदान जास्तीत जास्त ‘उरलेला हिस्सा गुणिले त्या छोट्या कंपनीचा हिस्सा’ इतकंच असतं. ही रक्कम आधी काढून पाहावी. बहुतेक वेळा शेपटीच्या आकडेवारीमागे धावायची गरज पडत नाही.

आता विलीनीकरण. निर्देशांक पुन्हा पहिल्यापासून काढायची गरज नाही. दोन कंपन्या एक झाल्या की त्यांच्या दोन वर्गांच्या जागी बेरजेचा वर्ग येतो. शाळेतलं सूत्र आठवा: बेरजेच्या वर्गातून दोन्ही वर्ग वजा केले की दोघांच्या गुणाकाराची दुप्पट उरते.

[पडद्यावर: २ × १७.४ × १५.४ ≈ ५३६
४७६५ + ५३६ = ५३०१]

या बदलाला निर्देशांकातली वाढ किंवा डेल्टा म्हणतात. डेल्टा काढायला इतर कंपन्यांचे हिस्से लागतच नाहीत, विलीन होणाऱ्या दोघांचे पुरतात. म्हणूनच चौकशीच्या अगदी पहिल्या दिवशी हा आकडा हाती येऊ शकतो.

न्यायालयाच्या निकालात निर्देशांक ४७७५ आणि वाढ ५१० अशी नोंद आहे, आपल्या आकड्यांपेक्षा थोडी वेगळी. हिस्से कोणत्या आधारावर मोजले आणि कुठे पूर्णांकात आणले, यावर असे फरक पडतात. फरक निष्कर्ष उलटवतो का, एवढं तपासायचं. इथे तो उलटत नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९९२ च्या सूचनांनुसार, विलीनीकरणानंतरचा निर्देशांक १८०० च्या वर आणि वाढ १०० च्या वर असेल, तर त्या व्यवहाराने बाजारशक्ती, म्हणजे भाव चढे ठेवण्याची ताकद, वाढेल असं गृहीत धरलं जाई. ५१० घ्या किंवा ५३६, दोन्ही आकडे उंबरठ्याच्या पाचपट.

हे उंबरठे कायमचे नसतात. २०१० मध्ये अमेरिकेने ते २५०० आणि २०० असे सैल केले आणि २०२३ मध्ये पुन्हा १८०० आणि १०० वर आणले. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या सूचनांमध्ये निर्देशांक २००० च्या वर असेल आणि वाढ १५० च्या आत असेल, तर खास कारणाशिवाय चिंता व्यक्त केली जात नाही. म्हणून दोन व्यवहारांची तुलना करताना कुठल्या वर्षीची आणि कुठल्या देशाची पट्टी लावली आहे, ते आधी पाहावं.

[पडद्यावर: ‘बाजार कोणता?’]

गणित बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो आणि त्याचं कारण बहुतेक वेळा छेदात असतं. हिस्सा म्हणजे कंपनीची विक्री भागिले बाजाराची विक्री. बाजार किती रुंद धरला, यावर सगळं ठरतं. समजा, कुणी बाजार दुप्पट रुंद धरला आणि त्या वाढीव भागात या दोघींपैकी कुणाचीच विक्री नाही. मग १७.४ चे ८.७ होतात, १५.४ चे ७.७. वाढ निम्मी होत नाही, ती चौथ्या भागावर येते: २ × ८.७ × ७.७, म्हणजे १३४. युरोपच्या पट्टीने तर ती १५० च्या आत गेली. दोन्ही हिस्से एकमेकांनी गुणले जातात, त्यामुळे छेदातली चूक दोनदा लागते. बाजाराच्या व्याख्येवर वकिलांचा इतका जोर असतो, तो याच कारणासाठी.

बाजाराची हद्द ठरवायची कसोटी अशी. त्या गटातला सगळा माल एकाच विक्रेत्याच्या हाती आहे अशी कल्पना करायची आणि विचारायचं, त्याने भाव सुमारे ५ टक्के वाढवून ठेवला तर त्याचा फायदा होईल का? ग्राहक दुसरीकडे इतके वळले की वाढ अंगलट येईल, तर गट अरुंद आहे. जिकडे ग्राहक वळतात तो पर्यायी माल गटात घ्यायचा आणि पुन्हा विचारायचं. वाढ पचली की हद्द सापडली.

आता त्या फळीकडे परत येऊ, कारण या प्रकरणाचा खरा गाभा तिथे आहे. अमेरिकेतली बहुतेक सुपरमार्केट बेबी फूडच्या दोनच कंपन्यांचा माल ठेवत. गर्बर जवळपास सगळीकडे असे. दुसरी जागा कुठे हाइन्झला मिळे, कुठे बीच-नटला. मग कंपन्यांनी युक्तिवाद केला, की आमच्या बरण्या एकाच फळीवर क्वचितच असतात, आई-वडील आमच्यातून निवड करतच नाहीत, मग कमी होण्यासारखी स्पर्धा आहे कुठे?

अपील न्यायालयाने एक पायरी मागे जाऊन पाहिलं. दुकानात नसली तरी दुकानाच्या दारात स्पर्धा होती. ती दुसरी जागा मिळवण्यासाठी दोन्ही कंपन्या सुपरमार्केटना सवलती आणि रकमा देऊ करत. विलीनीकरणानंतर दुसऱ्या जागेसाठी एकच दावेदार उरणार होता. ५३६ हा आकडा त्या घासाघिशीबद्दल काहीच सांगत नाही. दोन कंपन्या एकमेकींच्या किती जवळच्या प्रतिस्पर्धी आहेत, हे हिस्स्यांवरून कळत नाही. ते सौदे कसे होतात, ते पाहूनच कळतं.

निर्देशांकाची आणखी एक मर्यादा कंपन्यांच्या बाजूची आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. डेल्टा काढताना आपण धरून चालतो, की विलीनीकरणानंतर नव्या कंपनीचा हिस्सा दोघींच्या बेरजेइतकाच राहील. पण जोडकंपनीने खरोखरच टक्कर देऊन गर्बरला ५५ वर आणलं आणि स्वतः ४२.८ वर गेली, तर निर्देशांक ३०२५ अधिक १८३२, म्हणजे ४८५७. ५३०१ पेक्षा बराच कमी. म्हणून उंबरठा ओलांडणं हा फक्त प्राथमिक कल असतो. तो खोडून काढायची संधी कंपन्यांना मिळते, मात्र पुराव्याचा भार त्यांच्यावर येतो. निर्देशांक जितका वर, तितका पुरावा भक्कम लागतो.

हाइन्झने पुरावा दिला तो खर्चाच्या बचतीचा. पिट्सबर्गचा तिचा कारखाना निम्म्याहून कमी क्षमतेने चालत होता. बीच-नटचा माल तिथे बनवला तर प्रक्रियेचा खर्च ४३ टक्क्यांनी घटेल, असा दावा होता. सुरुवातीला जिल्हा न्यायालयाला तो पटला. अपील न्यायालयाने त्या टक्क्यांचाही छेद तपासला. ४३ टक्के फक्त प्रक्रियेच्या खर्चावर होते, कच्चा माल आणि बरण्या धरून होणाऱ्या एकूण बदलत्या खर्चावर नव्हते. शिवाय ते फक्त बीच-नटच्या मालापुरते होते. जोडकंपनीच्या सगळ्या उत्पादनावर पसरले तर टक्केवारी आणखी खाली येते. विलीनीकरणाशिवाय अशी बचत करताच येणार नाही, हेही सिद्ध झालं नव्हतं. आणि कित्येक दशकांत या बाजारात नवी मोठी कंपनी उतरली नव्हती, त्यामुळे पुढे भाव वाढले तर बाहेरून कुणी येऊन ते खाली आणेल, अशी आशा धरायला जागा नव्हती.

[पडद्यावर: २७ एप्रिल २००१]

अपील न्यायालयाने व्यवहार रोखून धरण्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी विलीनीकरण सोडून दिलं.