आकडा जुळला, टास्क हरवले

(दादरला एका शनिवारी संध्याकाळी केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या. मेगाब्लॉक रविवारी असतो आणि आज शनिवार आहे, त्यामुळे उशिरा आलेल्यांना ते कारण मिळणार नाही. साडेआठला याच हॉलमध्ये भावगीतांची तालीम आहे. पेटीवाले काका आत्ताच दारातून डोकावून गेले. म्हणजे मलाही वेळेचं भान ठेवायला हवं, जे मला सहसा जमत नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय 'पेजिनेशन आणि रेट लिमिट'. मधल्या त्या 'आणि'शी माझं भांडण आहे. ट्रॅकरमधून हजारो टास्क वाचायचे तर पानं कशी उलटायची हे आपण एका दिवशी शिकतो, आणि सर्व्हरने 'हळू' म्हटल्यावर काय करायचं हे दुसऱ्या दिवशी, सर्व्हरने तसं म्हटल्यावर. माझं म्हणणं आहे की हा एकच प्रश्न आहे. तुम्ही जितकं हळू वाचता, तितकी तुमच्या हाताखालची यादी बदलते. रेट लिमिट पाळण्यासाठी केलेला उपाय पानांचा हिशेब बिघडवतो. आज एवढंच सांगायचंय, पण आधी एक किस्सा.

अंधेरीतली एक कंपनी, नाव घेत नाही. दर सोमवारी सकाळी दहाला त्यांची एक स्क्रिप्ट चालायची. ट्रॅकरमधले सगळे उघडे टास्क वाचायचे, प्रत्येकाच्या कॉमेंट आणायच्या आणि बाराच्या मीटिंगआधी एक्सेल तयार ठेवायचं. उघडे टास्क ४,२३० च्या आसपास, एका पानावर शंभर, म्हणजे ४३ पानं. स्क्रिप्ट लिहिणारी मुलगी हुशार होती. सुरुवातीला सर्व्हरने तिला ४२९ दिला. हा कोड २०१२ च्या आरएफसी ६५८५ मधला, अर्थ सरळ: फार रिक्वेस्ट झाल्या, थांबा. तिच्या वरिष्ठाने काय सल्ला दिला असेल? बरोबर. "एक `sleep(1)` टाक ना."

(हशा)

हसू नका, इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या कोडमध्ये तो आहे. माझी जुनी तक्रार आहे ही. आपल्याकडे `sleep(1)`, म्हणजे 'एक सेकंद झोप', हा अंगारा झालाय. कशालाही लावायचा. सर्व्हर किती वेळ थांबायला सांगतोय ते त्याच्या उत्तरातच लिहिलेलं असतं, पण उत्तर वाचायचं कोणी?

असो. स्लीप टाकल्यावर ४२९ गेला आणि सगळे खूश झाले. मग काही आठवड्यांनी एका टीमचे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "आमची तीन माणसं सकाळपासून ज्या टास्कवर बसलीयेत, तो रिपोर्टमध्ये नाहीच." मुलीने ट्रॅकर उघडून दाखवलं: तिथे एकूण ४,२३०, एक्सेलमध्ये ओळी ४,२३०. आकडा जुळतोय म्हणजे रिपोर्ट बरोबर, तुम्हीच टास्क चुकीच्या प्रोजेक्टमध्ये टाकला असेल. पुढच्या सोमवारी दुसऱ्या टीमचा गायब. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसऱ्या टीमचा. आणि गंमत अशी की वर्षभर धूळ खात पडलेला टास्क कधीच हरवायचा नाही. हरवायचे ते फक्त ज्यांच्यावर खरंच काम चाललंय ते. कंपनीत कुजबुज सुरू झाली की वरच्या मजल्यावरून कोणीतरी रिपोर्टला हात लावतंय. एका मॅनेजरने लेखी तक्रारही केली. मराठी माणसाला कट दिसला की मग बग दिसत नाही.

मला बोलावलं तेव्हा मी एकच गोष्ट करायला सांगितली: ओळी मोजू नका, वेगवेगळे आयडी मोजा. ओळी ४,२३० आणि वेगळे आयडी ४,१४८. म्हणजे ८२ ओळी दुसऱ्यांदा आलेल्या, आणि जवळपास तेवढेच टास्क आलेलेच नाहीत. एक दुहेरी, एक गायब, बेरीज तीच. म्हणून आकडा जुळत होता.

हे कसं होतं? स्टेशनवर तिकिटाची रांग आहे असं धरा, आणि तुम्ही पुढून दहा-दहा माणसं मोजताय. पहिली दहा मोजलीत आणि पेन शोधायला खाली वाकलात. तेवढ्यात मागचा विसावा माणूस उठून थेट खिडकीपाशी गेला. आता मघाचा दहावा अकरावा झाला, त्याला तुम्ही पुन्हा मोजणार. आणि जो पुढे घुसला तो तुमच्या हिशेबात कधीच येणार नाही, कारण पुढची दहा तुमच्या दृष्टीने मोजून झालीत. शेवटी एकूण माणसं मात्र बरोबर भरतात.

ट्रॅकरची यादी 'नुकतं बदललेलं आधी' अशी लावलेली होती. वाचायला सोयीची म्हणून ती तशी असते. तीस पानं मागे असलेल्या टास्कवर कोणी कॉमेंट टाकली की तो उडी मारून पहिल्या पानावर जातो, आणि पहिलं पान तर आपण केव्हाच वाचलंय. पानाचा क्रमांक म्हणजे 'पहिले इतके सोडून पुढचे शंभर द्या' एवढाच निरोप असतो. जिरा नावाच्या ट्रॅकरच्या जुन्या शोधात `startAt` होतं, त्याचीही तीच गत.

आता स्लीपकडे या. ही स्क्रिप्ट एक पान आणायची, मग त्या पानावरच्या शंभर टास्कच्या कॉमेंट एकेक करून आणायची, प्रत्येकीमागे एक सेकंद झोप, आणि मगच पुढचं पान. म्हणजे दोन पानांच्या मध्ये शंभर सेकंद. ४,२३० टास्कना ४,२३० सेकंद, साधारण सत्तर मिनिटं. आणि ती कधी? सोमवारी सकाळी दहा ते सव्वा अकरा, जेव्हा सगळी कंपनी चहा घेऊन आपापले टास्क अपडेट करत बसलेली असते! स्लीप नव्हता तेव्हाही हा दोष होताच, फक्त त्याला वाव कमी होता.

काय, किती? दहा मिनिटं? अहो, मुद्दा तर आत्ता कुठे सुरू होतोय. ठीक आहे, पटापट जातो.

पहिली दुरुस्ती अगदी साधी. यादी आणि तपशील एकाच लूपमध्ये आणू नका. आधी ४३ पानं सलग आणून आयडी साठवा, मिनिटभराचं काम आहे. मग कॉमेंट हव्या तितक्या सावकाश आणा, कारण आयडी कुठे उड्या मारत नाहीत.

दुसरी, क्रम असा निवडा की जो बदलत नाही: तयार झाल्याची वेळ, जुनं आधी. नवा टास्क आला तर शेवटी जाऊन बसतो, मागचं काही हलत नाही. पण एक खाच आहे. गाळणी 'फक्त उघडे' अशी ठेवलीत आणि वाचून झालेल्यांपैकी एखादा मध्येच बंद झाला, तर तो यादीतून जातो, मागचे सगळे एक घर पुढे सरकतात आणि पुढच्या पानाच्या तोंडचा एक सुटतो. तुमचीच स्क्रिप्ट वाचता वाचता टास्क बंद करत असेल तर दर पानामागे शंभर सुटतील. म्हणून सगळे मागवा, उघडे-बंद आपल्या बाजूला गाळा. बंद टास्कांमुळे पानं वाढतात, ती किंमत मोजायची. गिटहबवर हे असं दिसतं, `base` म्हणजे टास्कच्या यादीचा पत्ता:

```python
seen = {}
url = base + "?state=all&sort=created&direction=asc&per_page=100"
while url:
    r = get(url)
    for t in r.json():
        seen[t["id"]] = t
    url = r.links.get("next", {}).get("url")
```

यात दोन गोष्टी बघा. `per_page` दिलं नाहीत तर तिथे तीसच मिळतात, म्हणजे तिप्पट रिक्वेस्ट. शंभराच्या वर ते देत नाहीत. आणि थांबायचं कधी हे मी ओळी मोजून ठरवत नाही. 'शंभरापेक्षा कमी आल्या म्हणजे शेवटचं पान' हे सगळीकडे खरं नसतं. काही सर्व्हर तुम्हाला न विचारता पानाचा आकार कमी करतात. पुढचा दुवा दिलाय का, एवढंच बघायचं. जिथे दुव्याऐवजी पुढच्या पानाचं टोकन मिळतं तिथे ते जसंच्या तसं परत द्यायचं, फोडून आत काय आहे ते बघायचं नाही.

आता `get`च्या आत काय ते तोंडीच सांगतो. गिटहबवर ओळख पटवणाऱ्या टोकनसह तासाला ५,००० रिक्वेस्ट मिळतात, टोकनशिवाय ६०. यादीच्या पानांना हे कधीच आड येणार नाही. कॉमेंटचा लूप त्याच तासात दोनदा चालवलात की येईल. मर्यादा ओलांडली की ४२९ येतो किंवा ४०३ येतो, आणि इथे बरेच जण फसतात, ४०३ बघून परवानगी नाही असं समजून टोकन बदलत बसतात. आधी `retry-after` हेडर बघा. असेल तर तितके सेकंद थांबा. नसेल आणि `x-ratelimit-remaining` शून्य असेल, तर `x-ratelimit-reset`मध्ये जी वेळ दिलीय तिथपर्यंत थांबा. ती १९७० पासूनच्या सेकंदांत असते, 'अजून ३६०० सेकंद' असं काही दिसेल अशी वाट बघू नका. यातलं काहीच नसेल तर किमान एक मिनिट थांबा, पुन्हा नाही म्हणाला तर दोन, मग चार, आणि पाचसहा प्रयत्नांनंतर सरळ चूक दाखवून बंद पडा. शिल्लक शून्य असताना ४०३ आला तर लिमिट; भरपूर शिल्लक आहे, `retry-after`ही नाही, तर उत्तरातला मजकूर वाचा, परवानगीचाच प्रश्न असू शकतो. दहा स्क्रिप्ट एकाच मिनिटाला जाग्या होणार असतील तर प्रत्येकीच्या थांबण्यात थोडे यादृच्छिक सेकंद मिसळा, नाहीतर सगळ्या एकदमच पुन्हा आदळतात.

पेटी आत आली. शेवटचं, आणि हे महत्त्वाचं. दर सोमवारी सगळं नव्याने आणायची गरज नाही. `since` देऊन गेल्या वेळेनंतर बदललेले तेवढेच मागवा, बदलाच्या वेळेनुसार, जुनं आधी. यात पानाचा क्रमांक वाढवू नका. शेवटच्या टास्कची `updated_at` हीच पुढच्या रिक्वेस्टची `since`. सीमेवरचे पुन्हा येतील, आयडीवरून टाळा. एकच अडचण: कोणी एका फटक्यात तीनशे टास्कना लेबल लावलं आणि सगळ्यांची वेळ त्याच सेकंदाची झाली, तर शंभरचं पान तेच तेच देत राहील आणि स्क्रिप्ट कायमची तिथे फिरेल. अख्ख्या पानात एकही नवा आयडी दिसला नाही, तर तेवढ्यापुरतं `page=2`, `page=3` मागवा, नवी वेळ दिसली की पुन्हा `since`वर या. आणि ती वेळ फाइलमध्ये लिहायची ती पान डेटाबेसमध्ये गेल्यावर, आधी नाही.